एक प्लेट, एक बॅटरी आणि तीन दिवे

सोलर बसवायचं ठरलं की दुकानदाराचा पहिला प्रश्न असतो, 'प्लेट किती वॉटची घेऊ?' विक्रेत्याकडे उत्तर तयार असतं आणि ते बहुधा त्याच्या गोदामात जे पडून आहे तेच असतं. खरं तर हा प्रश्न शेवटी यायला हवा. आधी विचारायचं ते एवढंच, की संध्याकाळी नेमके कुठले दिवे किती वेळ लागतात?

वाडीतलं एक साधं किराणा दुकान घेऊ. गल्ल्यावर एक दिवा, मागच्या फळ्यांसाठी एक आणि बाहेर पाटीखाली एक लहान. आतले दोन नऊ-नऊ वॉटचे आणि बाहेरचा पाच वॉटचा, म्हणजे एकूण २३ वॉट. साडेपाचला लावून साडेदहाला दुकान बंद, म्हणजे पाच तास. २३ गुणिले ५ म्हणजे ११५ वॉट-तास. त्यात मोबाइल चार्जिंगचे पंधरा धरले की १३० झाले. वीजबिलातलं एक युनिट हजार वॉट-तासांचं असतं, म्हणजे दुकानाची अख्खी संध्याकाळ युनिटच्या साधारण आठव्या हिश्श्यात भागते. बारा व्होल्टच्या बॅटरीच्या भाषेत सांगायचं तर रोजचा खर्च सुमारे ११ अॅम्पियर-तास, बाजारातल्या बोलीत ११ एएच.

दिवे मात्र बारा व्होल्टचेच हवेत. घरातले नेहमीचे २३० व्होल्टचे बल्ब चालवायला मध्ये इन्व्हर्टर घालावा लागतो. छोटा इन्व्हर्टर नुसता चालू राहायलाच पाच-दहा वॉट खातो. तेवीस वॉटच्या कामासाठी हा भुर्दंड कशाला? बारा व्होल्टचे एलईडी बल्ब नेहमीच्या होल्डरमध्ये बसणारे मिळतात, आणि धोका त्यातच आहे. कुणी चुकून तो बल्ब एमएसईबीच्या होल्डरमध्ये लावला तर तो क्षणात गेला. म्हणून सोलरचे होल्डर वेगळ्या रंगाचे घ्यावेत किंवा त्यांवर रंगाचा पट्टा ओढावा. बल्ब घेताना त्यावर ११ ते १५ व्होल्ट अशी मर्यादा लिहिली आहे का, तेही पाहा. दुपारी चार्ज होताना 'बारा व्होल्टची' बॅटरी १४.४ पर्यंत चढते. एवढ्या दाबावर स्वस्त एलईडी पट्ट्या तापतात आणि काही महिन्यांत एकेक दाणा काळा पडू लागतो.

आता बॅटरी. या सगळ्या सामानात लवकर मरणारी वस्तू हीच आणि दुसऱ्यांदा पैसे मोडायला लावणारीही हीच. गॅरेजमधून जुनी गाडीची बॅटरी आणून जोडायचा मोह होतो, पण ती गाडी सुरू करण्यापुरता क्षणभर मोठा झटका देण्यासाठी बनवलेली असते. तिच्यातल्या शिशाच्या प्लेटा पातळ असतात आणि रोज रात्री खोलवर रिकामी होणं त्यांना सोसत नाही. सोलरसाठी ट्यूब्युलर बॅटरी घ्यावी. आपल्या दुकानाला ४० एएचची पुरते. पण त्या चाळीसपैकी निम्मे म्हणजे वीसच आपले समजायचे. शिशाची बॅटरी निम्म्याखाली जितक्या वेळा जाते तितकं तिचं आयुष्य घटतं. आणि अर्धवट रिकाम्या अवस्थेत आठवडेच्या आठवडे पडून राहिली तर प्लेटांवर पांढरट थर घट्ट धरतो आणि मग तो चार्जिंगने सुटत नाही. 'बॅटरी बसली' म्हणतात ती बहुतेक वेळा अशी बसलेली असते. रोजचे अकरा जाऊन वीसची मुभा, म्हणजे एक दिवस ऊन अजिबात पडलं नाही तरी संध्याकाळ निभावते.

लिथियम फॉस्फेट बॅटरी घ्यायची असेल तर २० एएचचीही जवळपास तेवढंच काम देते, कारण ती बरीच खालपर्यंत वापरता येते. वजनाला हलकी असते आणि पाणी घालायची कटकट नाही. महाग पडते, आणि कंट्रोलरवर तिचा प्रकार वेगळा निवडावा लागतो. रोज देखरेख होणार नसेल तर माझं मत तिच्याच बाजूने.

आता प्लेट. बारा व्होल्टच्या प्लेटवर ३६ सेल एकापुढे एक जोडलेले असतात. प्रत्येकाचा साधारण अर्धा व्होल्ट धरला की अठरा होतात. बॅटरीला १४.४ पर्यंत ढकलायचं तर दाब त्याहून जास्त हवाच. शंभर वॉटची प्लेट भर उन्हात या १८ व्होल्टला साडेपाच अॅम्पियर देते. पण साधा, स्वस्त कंट्रोलर, ज्याला पीडब्ल्यूएम म्हणतात, तो प्लेटला बॅटरीच्या दाबावर खाली ओढतो. अॅम्पियर साडेपाचच राहतात, व्होल्ट मात्र तेरा. म्हणजे शंभरातले सत्तर-बहात्तर वॉटच हाती लागतात. लहान दुकानासाठी हे नुकसान परवडतं.

न परवडणारं नुकसान दुसरंच आहे. हल्ली घरांच्या छपरांवर बसवायच्या मोठ्या प्लेटा वॉटमागे स्वस्त पडतात, म्हणून कुणी ३३० वॉटची प्लेट कमी भावात देऊ करतो. तिच्यात ७२ सेल आणि दाब ३७ व्होल्टच्या आसपास. साध्या कंट्रोलरवर तीही तेराला ओढली जाते आणि तिच्या ३३० पैकी जेमतेम ११५ वॉट मिळतात. शिवाय भार नसताना तिचा दाब ४५ च्या वर जातो, आणि बारा व्होल्टचे बरेच कंट्रोलर तेवढ्याने जळतात. म्हणून किंमत विचारण्याआधी प्लेट उलटी करून मागचं लेबल वाचावं.

आपल्याकडे स्वच्छ दिवसाला भर उन्हाच्या जोडीचे पाचेक तास मिळतात. साडेपाच गुणिले पाच म्हणजे सत्तावीस. धूळ, उष्णता आणि बॅटरीतली घट वजा जाता बॅटरीच्या पदरात वीस एएच पडतात. गरज अकराची. मग पन्नास वॉटची का नको? कारण जुलै. ढग दाटलेल्या दिवसांत शंभर वॉटची प्लेटही जेमतेम पाच-सात एएच देते आणि रोज चार-सहाची तूट पडते. बॅटरीतले वीस तीन-चार दिवसांत संपतात. तेव्हा मागच्या फळ्यांवरचा नऊ वॉटचा दिवा बंद ठेवायचा. त्या एका दिव्याचेच रोजचे चार एएच होतात, म्हणजे तूट जवळजवळ भरून निघते. पन्नासच्या प्लेटवर मात्र पावसाळा तगत नाही.

प्लेटचं तोंड दक्षिणेकडे आणि उतार साधारण वीस अंश ठेवावा. सावली अजिबात नको. सेल एकापुढे एक असल्यामुळे एका कोपऱ्यावर पडलेली फांदीची सावलीही पूर्ण प्लेटचा प्रवाह कापते.

वायरीकडे कुणी नीट पाहत नाही, आणि बारा व्होल्टमध्ये खरी गळती तिथेच होते. घरच्या विजेत एक-दोन व्होल्ट वाटेत गेले तर कळतही नाही. बारात दोन गेले की सहावा हिस्सा गेला. पत्र्यावरची प्लेट उन्हाळ्यात साठ अंशांच्या पुढे तापते आणि तिचे अठरा व्होल्ट साडेपंधरावर येतात. बॅटरी भरायला १४.४ लागतात. हातात उरतो जेमतेम एक व्होल्ट. प्लेट ते कंट्रोलर दहा मीटर अंतर असेल तर जाऊन-येऊन वीस मीटर तांब्याची तार होते. एक चौरस मिलिमीटरची तार असेल तर तीत दोन व्होल्ट जातात, आणि मग ऐन मे महिन्याच्या कडक उन्हात बॅटरी पूर्ण भरतच नाही. दुकानदार प्लेटला शिव्या देतो. चार चौरस मिलिमीटरची सोलर केबल वापरली तर अर्धाच व्होल्ट जातो. दिव्यांकडे जायला दीड चौरस मिलिमीटर पुरे. कंट्रोलर बॅटरीच्या शेजारीच असावा.

जोडणीचा क्रम पाळावाच लागतो. आधी बॅटरी कंट्रोलरला, मग प्लेट, शेवटी दिवे. काढताना बरोबर उलटं. बॅटरीशिवाय प्लेट जोडली तर कंट्रोलरला बावीस व्होल्ट थेट मिळतात आणि आपण किती व्होल्टच्या यंत्रणेवर आहोत हे त्याला समजत नाही. जोडताना प्लेटवर गोणपाट टाकावं, कारण उजेड पडला की ती वीज देतेच. दहा अॅम्पियरचा कंट्रोलर पुरतो. बॅटरी निम्म्याखाली जाऊ नये म्हणून दिवे तोडण्याचा दाब त्यात बदलता येत असेल तर तो ११.८ च्या जवळ ठेवा. कारखान्यातून तो बहुधा अकराच्या आसपास येतो आणि तो फार खाली आहे.

बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरावर दहा अॅम्पियरचा फ्यूज हवा, गाड्यांत असतो तसला पात्याचा. ऑटो इलेक्ट्रिशियनकडे तो होल्डरसकट मिळतो. बारा व्होल्टचा झटका माणसाला बसत नाही म्हणून लोक हा टाळतात. पण शॉर्ट झाल्यावर ही बॅटरी शेकडो अॅम्पियर ओतते, वायर लाल होते आणि दुकानात गोणपाट, पुठ्ठा, प्लास्टिक सगळं हाताशीच असतं. पाण्याची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. देवाच्या फळीखाली, उदबत्तीजवळ तिची जागा नको. पाणी फक्त डिस्टिल्ड घाला, आणि पातळी खुणेच्या खाली जाऊ देऊ नका.

बिघाड ओळखायला साधा मल्टीमीटर पुरतो. सकाळी ऊन येण्याआधी बॅटरी मोजा. रात्रीचा वापर झाल्यावर १२.४ च्या आसपास दिसलं तर सगळं ठीक. १२.२ म्हणजे निम्म्यावर आली. संध्याकाळी चार्जिंग थांबल्या थांबल्या घेतलेला आकडा मात्र फुगलेला असतो. स्वच्छ दिवशी दुपारी दोनलाही बॅटरी चौदापर्यंत पोचत नसेल तर दोष वरच्या बाजूला आहे. धूळ, सावली, बारीक वायर किंवा गंजलेला जोड तपासा. उलट, दहा वाजायच्या आतच १४.४ दाखवत असेल आणि संध्याकाळी तासाभरात साडेअकरावर घसरत असेल, तर प्लेट आणि कंट्रोलर चांगले आहेत, बॅटरीच संपली आहे. तेव्हा प्लेट वाढवून काही होणार नाही. बॅटरी बदला, आणि बदलताना जुनी भंगारात परत देऊन शिशाची किंमत वजा करून घ्या.