तीन महिन्यांपर्यंत नुसता गोळाच असतो का?

मैत्रिणींनो, गेल्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब झाल्यावर एक ताई हळूच म्हणाल्या, "मॅडम, मला तिसरा संपला. आता नाव नोंदवीन म्हणते. तोवर काय, नुसता गोळाच असतो ना!" मी वहीच्या मागच्या पानावर त्यांच्या तारखा मांडल्या. तुम्हीही बघा.

त्यांची शेवटची पाळी १० जूनला आली होती. डॉक्टर दिवस इथूनच मोजतात. पण महिन्याच्या महिन्याला पाळी येणाऱ्या बाईला गर्भ साधारण दोन आठवड्यांनी राहतो, म्हणजे इथे २४ जूनच्या आसपास. पुढची पाळी ८ जुलैला यायला हवी होती, ती चुकली. "होईल मागंपुढं," म्हणून ताई खुरपणीला जात राहिल्या. त्याच दिवसांत, साधारण १६ जुलैला, पोटात तिळाएवढ्या जिवाचं हृदय धडधडायला लागलं. तेव्हा ते हृदय म्हणजे एक साधी नळी होती. त्याचे चार कप्पे पुढच्या पाच-सहा आठवड्यांत झाले.

मेंदूचं तर आणखी लवकर ठरतं. सुरुवातीला बाळाच्या पाठीवर एक पट्टी असते. ती दोन्ही कडांनी वर उचलते आणि करंजी मिटावी तशी मिटून तिची नळी होते. या नळीच्या वरच्या टोकाचा मेंदू होतो, खालच्या भागाचा पाठीतला मज्जारज्जू. ताईंच्या हिशेबात ही नळी २२ जुलैपर्यंत मिटली. पाळी चुकून तेव्हा जेमतेम दोन आठवडे झाले होते. करंजीची कड कुठे उघडी राहिली, तर बाळाच्या पाठीच्या कण्यात किंवा डोक्यात व्यंग राहतं, आणि नंतर कितीही गोळ्या घेतल्या तरी ती मिटत नाही.

फोलिक ॲसिडची गोळी यासाठीच असते. ४०० मायक्रोग्रॅमची ही गोळी मूल हवं असं ठरलं की दिवस राहण्याआधीच रोज सुरू करायची आणि तीन महिने पुरे होईपर्यंत घ्यायची. आशाताईंकडे किंवा उपकेंद्रात विचारा. चौथ्या महिन्यापासून मिळणारी लोहाची लाल गोळी वेगळी. फोलिकने व्यंगाचा धोका पुष्कळ कमी होतो, पण पूर्ण जात नाही. आधीच्या बाळाला असं व्यंग असेल किंवा तुम्हाला फिटच्या गोळ्या चालू असतील, तर डोस जास्त लागतो. तो डॉक्टरांनाच ठरवू द्या.

हातापायांचे कोंब जुलैच्या शेवटी फुटले. ऑगस्ट उजाडल्यावर ओठ जुळले, आणि पोळ्याच्या सुमाराला बोटं सुटी झाली. ओठांचं मुद्दाम सांगते, कारण सातव्या महिन्यात ग्रहणात भाजी चिरली म्हणून बाळाचा ओठ फाटला, असा ठपका मी एका सुनेवर आलेला पाहिलाय. जो ओठ दुसऱ्या महिन्यातच जुळून जातो, तो सातव्यात विळीने कसा फाटेल? सासूबाईंचं मन राखायला ग्रहणात खुशाल बसून राहा, पण उपाशीतापाशी राहू नका.

म्हणजे ताई बैठकीत विचारत होत्या, तेव्हा त्या 'गोळ्या'ला बोटं होती.

पुढचं काम मुख्यतः वाढीचं. ऑक्टोबर संपताना, विसाव्या आठवड्यात, बाळ साधारण तीनशे ग्रॅमचं होईल आणि ताईंना पोटात फुलपाखरू हलल्यासारखं जाणवेल. याच सुमाराला, अठरा ते वीस आठवड्यांत, व्यंग बघण्याची सोनोग्राफी करतात. ती चुकवू नका.

नोव्हेंबरच्या शेवटी बाळाला आवाज ऐकू यायला लागेल. सगळ्यात जवळचा आवाज आईचाच, म्हणून जन्मल्यावर बाळ तो ओळखतं. डिसेंबरात पापण्या उघडतील. तुम्ही खाल्लेल्या लसणाची चवसुद्धा गर्भजलातून त्याच्यापर्यंत पोचते.

सातव्या महिन्यानंतर बाळाच्या हालचालीची रोजची सवय तुमची तुम्हाला कळते. एखाद्या दिवशी ती कमी वाटली तर "झोपलं असेल" म्हणून उद्यावर ढकलू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

ताईंची तारीख येते १७ मार्च. शेवटच्या पाळीत नऊ महिने आणि सात दिवस मिळवायचे. शेवटच्या पाच आठवड्यांतही मेंदू भराभर वाढत असतो, त्यामुळे चांगला मुहूर्त आहे म्हणून आधीच सिझर करून घेऊ नका. डॉक्टरांनी कारण सांगून लवकर करायला सांगितलं, तर ती गोष्ट वेगळी.

बैठक उठल्यावर ताई माझ्याबरोबर थेट उपकेंद्रात आल्या. नोंद झाली, रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ९ निघालं. सिस्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि चहाबरोबर घेऊ नका म्हणून बजावलं.