शंभर डझन लाँगबुकचा भाव

माझी काही वर्षे पुण्यात एका स्टेशनरीच्या ठोक दुकानात बिले फाडण्यात गेली. मार्च उजाडला की तालुक्यातालुक्यांतून दुकानदारांचे ईमेल सुरू व्हायचे. निम्म्याहून अधिक ईमेल एका ओळीचे असत : ‘कृपया रेट लिस्ट पाठवा.’ अशांना आम्ही छापील भावपत्रक पाठवून मोकळे व्हायचो. त्या पत्रकातला भाव कोणासाठीच खरा नसे. तो अनोळखी माणसाला सांगायचा भाव. खरा भाव ठरवण्याआधी ठोकवाल्याला तीन गोष्टी कळाव्या लागतात : माल किती घेणार, कधी उचलणार आणि पैसे केव्हा देणार. एका ओळीच्या ईमेलमध्ये यातले काहीच नसते.

आणखी एक चूक नेहमीची. एकच ईमेल दहा ठोकवाल्यांना, आणि दहाही पत्ते वर उघडे. मग प्रत्येकाला कळते की हा गडी सगळीकडे विचारत फिरतोय. त्यात ते दहाजण रोज एकमेकांच्या चहाला जाणारे. ईमेल वेगवेगळे पाठवावेत, नाहीतर पत्ते बीसीसीमध्ये टाकावेत.

आता तालुक्याच्या गावातल्या एका स्टेशनरी दुकानाचे उदाहरण घेऊ. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत, हिशोब मात्र असाच चालतो. दुकानदाराला जूनच्या शाळांसाठी 200 पानी लाँगबुक हव्यात, शंभर डझन, म्हणजे 1,200 नग. त्याने लिहावे ते साधारण असे :

> विषय : 200 पानी लाँगबुक, 100 डझन – भाव, किमान माल व उधारीबाबत
>
> नमस्कार. आमचे स्टेशनरीचे दुकान आहे. पत्ता व जीएसटी क्रमांक खाली दिला आहे. यंदा 200 पानी लाँगबुक (एकरेघी) 100 डझन घ्यायच्या आहेत. निम्मा माल एप्रिलमध्ये आणि निम्मा 20 मेच्या सुमारास हवा. कृपया कळवावे :
> प्रति नग भाव, कर धरून व कर सोडून, आणि छापील किंमत.
> कमीत कमी किती माल घ्यावा लागेल? ती अट प्रत्येक प्रकाराला आहे की मिळून एका बिलाला?
> भाडे व हमाली कोणाकडे?
> रोखीला सूट किती, उधारी किती दिवसांची, आणि ते दिवस बिलाच्या तारखेपासून की माल पोचल्यापासून?
> भिजलेला, फाटलेला माल परत घेता का?
> हा भाव कोणत्या तारखेपर्यंत राहील?
> नमुन्याची एक वही पाठवल्यास तिचे पैसे देऊ.

नमुना मागितल्यावर ठोकवाला सावध होतो, आणि त्याने तसे व्हायलाच हवे. ‘200 पानी’ एवढ्यावर भाव सांगता येतो, पण कागद किती जाडीचा, पुठ्ठा कसा, पाने खरोखर मोजून दोनशे आहेत की वेष्टनासकट, हे वही हातात आल्याशिवाय कळत नाही. शाईपेनाने एक ओळ लिहावी आणि पान उलटून पाहावे. मागे शाई फुटली असेल तर ती वही पालक परत आणणार.

कराचा प्रश्नही उगाच नाही. शाळेच्या वह्या 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीमुक्त आहेत, पण त्याच बिलात येणाऱ्या बॉलपेनांवर 18 टक्के कर लागतो. दुकानदार कंपोझिशन योजनेत असेल तर खरेदीवर भरलेला कर त्याला वळता करून मिळत नाही. तो कर सरळ त्याच्या खर्चात जातो. म्हणून पेनांचा ‘कर वेगळा’ असा भाव स्वस्त दिसला तरी त्याला तो महागच पडतो.

समजा, तीन उत्तरे आली. पहिला : 38 रुपये, प्रत्येक प्रकाराच्या किमान 50 डझन, भाडे तुमचे, सात दिवसांत पैसे दिल्यास दोन टक्के सूट, नाहीतर तीस दिवस. दुसरा : 39 रुपये 50 पैसे, माल दुकानात पोच, 25,000 चे मिळून बिल चालेल. तिसरा : 36 रुपये, पण किमान 200 डझन, पैसे आधी, भाडे तुमचे.

पहिल्याचे 1,200 नगांचे 45,600 रुपये होतात. भाडे-हमालीचे 1,500 धरले तर 47,100, म्हणजे वही 39 रुपये 25 पैशांना पडते. दुसऱ्याचे 47,400. दीड रुपयाचा दिसणारा फरक प्रत्यक्षात पंचवीस पैशांवर येतो. शिवाय दुसऱ्याकडे छोट्या वह्या, चित्रकलेच्या वह्या मिसळून घेता येतात. तिसऱ्याकडे 2,400 नगांना 86,400 आणि भाडे 2,600 धरून वही 37 रुपये 8 पैशांना पडते. ही सर्वांत स्वस्त. पण गावात खपणार 1,200. उरलेल्या वह्यांत साडेचव्वेचाळीस हजार रुपये वर्षभर अडकतात. बारा टक्क्यांनी त्यांचे व्याज 5,340. पहिल्याची सूट धरून तुलना केली तर दोन वर्षांच्या मालावर मिळून वाचतात जेमतेम 3,400. त्यात माळ्यावरच्या गठ्ठ्यांना उंदीर लागतात, ते वेगळेच.

उधारीकडे बहुतेक दुकानदार मिळालेली सवलत म्हणून पाहतात. मला ते कधी पटले नाही, कारण बिले मी फाडत होतो आणि ती सवलत भावात कुठे बसवली आहे हे मला दिसत असे. पहिल्याची दोन टक्के सूट म्हणजे 912 रुपये. ती सोडून दुकानदार सातव्या दिवसाऐवजी तिसाव्या दिवशी पैसे देतो, म्हणजे फक्त तेवीस दिवस मिळवतो. तेवढेच पैसे बँकेच्या ओव्हरड्राफ्टमधून बारा टक्क्यांनी उचलले असते तर व्याज 340 च्या आतच राहिले असते. वर्षाच्या हिशोबाने ही उधारी बत्तीस टक्क्यांना पडते.

उधारी कामाला येते ती तारखेशी जमली तरच. दहा एप्रिलला आलेल्या मालाचे पैसे दहा मेला देणे येते, आणि वह्या खपायला लागतात जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात. तोच माल 20 मेला, 45 दिवसांच्या बोलीने आला तर 4 जुलै उजाडतो आणि निम्म्या वह्या विकून झालेल्या असतात. ईमेलमध्ये ‘निम्मा माल 20 मेच्या सुमारास’ लिहिले ते यासाठी. ट्रान्सपोर्टला चार-पाच दिवस लागतात, म्हणून दिवस कुठून मोजायचे तेही विचारून घ्यावे.

पंचेचाळीसच्या पुढे मात्र ताणू नये. माल थेट छोट्या कारखानदाराकडून येत असेल आणि त्याची उद्यम नोंदणी असेल, तर 2006 च्या कायद्याने त्याचे पैसे फार तर 45 दिवसांत द्यावे लागतात. लेखी काहीच ठरले नसेल तर पंधरा दिवसांत. उशीर झाला तर चढे व्याज मागण्याचा त्याला हक्क आहे. नुसता घेऊन विकणाऱ्या ठोक व्यापाऱ्याला हे संरक्षण लागू नाही, त्याच्याशी जे ठरेल तेच खरे.

नव्या गिऱ्हाइकाला 45 दिवस कोणी सहसा देत नाही. आमचे शेठ पहिल्या दोन बिलांचे पैसे रोख घेत आणि मगच उधारीचे बोलत. या दुकानदाराने पहिल्याला परत ईमेल केला : एप्रिलच्या पन्नास डझनांचे 22,800 सात दिवसांत, दोन टक्के कापून देतो, मेच्या पन्नास डझनांना तरी तीस दिवस द्या. उत्तर आले : देऊ, पण 19 जूनचा चेक माल निघण्याआधी हातात हवा.