ज्येष्ठांची ठेव: दर पाहण्याआधी

सहकारी बँकेच्या ज्येष्ठ नागरिक ठेव योजनेत आधी नजर जाते ती जादा व्याजदराकडे. आमच्या मते पावती करण्याआधी विम्याचा हिशेब मांडावा. ठेव विमा महामंडळाचे संरक्षण एका बँकेत एका ठेवीदाराला 5 लाखांपर्यंतच मिळते, तेही मुद्दल आणि व्याज धरून. सगळ्या शाखांतल्या ठेवी त्यात एकत्र मोजतात. म्हणजे 5 लाखांची पावती केली आणि व्याज साचत ठेवले, तर ते व्याज विम्याबाहेर राहते. त्याऐवजी साडेचार लाख ठेवून दरमहा व्याज घ्यावे. 8 टक्के दराने महिन्याला 3,000 रुपयांच्या किंचित खाली रक्कम बचत खात्यात येईल. तिथली शिल्लकही याच मर्यादेत मोजली जाते, एवढे ध्यानात ठेवा.