तिकीट रद्द केले, पैसे किती परत?

बस-आरक्षणाच्या मागणीपत्रात असे वाक्य हमखास असते: ‘प्रवाशास तिकीट रद्द करता यावे व नियमानुसार परतावा त्वरित मिळावा.’ यावरून टेस्टरने नेमके काय तपासायचे? म्हणून त्याची छोटी यूजर स्टोरी करतात: ‘प्रवासी म्हणून मला तिकीट रद्द करायचे आहे, म्हणजे माझे पैसे परत मिळतील.’

खरी मेहनत स्वीकृतीच्या अटीत आहे. समजा, गाडी सुटायला पाच तास असताना ५०० रुपयांचे तिकीट रद्द केले, तर ४५० रुपयांचा परतावा नोंदला जावा आणि सीट लगेच विक्रीला खुली व्हावी. गाडी सुटल्यावर मात्र रद्द करता येऊ नये. चारपैकी एकच सीट सोडायची असेल, तर ती वेगळी स्टोरी.

अट लिहिताना आकडा सापडला नाही, तर तो अंदाजाने भरू नका, ग्राहकालाच विचारा.