नेऱ्यातला अर्धा र

मुळशी तालुक्यात, हिंजवडी-मारुंजीच्या बाजूला नेरे नावाचं गाव आहे. नाव लिहायला अगदी सोपं: न, र आणि दोन मात्रा. पण पुण्याचं जसं ‘पुण्यात’ होतं तसं याचं ‘नेऱ्यात’ करायला गेलं की बोटं अडखळतात. एका लग्नपत्रिकेवर ‘नेर्याच्या पाहुण्यांसाठी’ असं छापलं गेलं होतं. मुद्रितं मीच तपासली होती, त्यामुळे छापखान्याला बोल लावायची सोय नव्हती. बातम्यांत बहुधा ‘नेरे येथे’ असं लिहून सुटका करून घेतात, तो मार्ग मला तेव्हा सुचला नाही. अशा चुकांमागचे काही गैरसमज पुढे दिले आहेत.

गैरसमज: रफार काय आणि आडवा अर्धा र काय, एकाच अक्षराची दोन वळणं.

तसं असतं तर दर्या आणि दऱ्या यांत फरक उरला नसता. दर्यात होड्या असतात, मुळशीच्या दऱ्यांत पाऊस कोसळतो. आचार्यांना नमस्कार करतात, आचाऱ्यांना जेवणावळीचं सांगतात. मोठ्याने म्हणून पाहा. ‘दर्या’ म्हणताना र् मागच्या द ला चिकटतो, दर्-या, आणि द वर जोर पडतो. ‘दऱ्या’ म्हणताना द मोकळा राहतो, द-ऱ्या. र् पुढच्या य बरोबर निघून जातो. कान पुरेसा नसेल तर मूळ शब्दाकडे जावं. पायरी, वारा, शेतकरी, नेरे यांत र पूर्ण आहे, म्हणून पायऱ्या, वाऱ्यावर, शेतकऱ्याला, नेऱ्यात. कार्य, शौर्य, आचार्य यांत र्य मुळातच जोडलेला आहे, म्हणून कार्याला, शौर्याने. ह च्या आधीही हा आडवा र येतो: कऱ्हाड, तऱ्हा, गुऱ्हाळ. ‘अर्हता’ मात्र रफारानेच, कारण तिथे अ वर जोर आहे.

हिंदीला हा फरक लागत नाही, त्यामुळे हिंदीच्या सवयीने टाइप करणाऱ्याच्या हातून रफार पडतो. नेपाळीत आणि कोकणीत मात्र हा आडवा र आहे.

गैरसमज: खाली टिंब असलेला ऱ आपला नव्हे, तो वापरू नये.

सुटा ऱ मराठीत आपण लिहीत नाही, हे खरं. युनिकोडमध्ये तो आला दक्षिणेकडच्या भाषांतलं अक्षर देवनागरीत दाखवण्यासाठी. पण त्याला हलन्त देऊन पुढे य किंवा ह टाकला की टिंब नाहीसं होतं आणि आपला आडवा अर्धा र उमटतो. इनस्क्रिप्ट कळफलकावर ‘ऱ्या’साठी कळा आहेत Shift+J, d, / आणि e. मध्येच थांबलात तर टिंब दिसतं. घाबरून ते खोडू नका, य येईपर्यंत थांबा.

गैरसमज: पडद्यावर सारखं दिसलं म्हणजे आतही सारखंच.

आडवा र काढायची आणखी एक जुनी रीत आहे: साधा र, हलन्त, मग ZWJ नावाचं न दिसणारं जोडचिन्ह, आणि य. ‘ऱ्य’ आणि ‘र्य’ यांच्या आतल्या ओळी अशा:

```
ऱ ् य       U+0931 U+094D U+092F          आडवा र
र ् ZWJ य   U+0930 U+094D U+200D U+092F   आडवा र
र ् य       U+0930 U+094D U+092F          रफार
```

पहिल्या दोन ओळी कागदावर एकसारख्या उमटतात, पण यादीत एका रीतीने लिहिलेलं ‘नेऱ्यात’ दुसऱ्या रीतीने शोधलं तर सापडेलच असं नाही. दुसऱ्या रीतीचा मोठा धोका वेगळा आहे. मजकूर एका प्रणालीतून दुसरीकडे नेताना एखादी प्रणाली न दिसणारी चिन्हं गाळून टाकते. मग दुसरी ओळ तिसरी होते आणि वाक्यातल्या साऱ्या दऱ्यांचा दर्या होतो. एकाच मजकुरातले सगळे आडवे र अचानक रफार झाले असतील तर आधी याच कारणाचा संशय घ्यावा.

गैरसमज: पहिली वेलांटी डावीकडे, म्हणून ती आधी टाइप करायची.

टाइपरायटरवर आणि जुन्या फॉन्टांत तसंच होतं, म्हणून ज्येष्ठ टंकलेखकांचा हात अजून तिकडे जातो. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा असतो. ‘हिंजवडी’त आधी ह, मग वेलांटी, मग अनुस्वार. ‘स्थिती’त स, हलन्त, थ आणि त्यानंतर वेलांटी, ती उडी मारून अख्ख्या जोडाक्षराच्या डावीकडे जाते ते काम फॉन्टचं.

पत्रिका किंवा पाटी छापायला देण्याआधी मजकुरात ‘र्या’ आणि ‘र्ह’ एवढं शोधा, आणि जिथे सापडेल तिथे मूळ शब्द पाहा. त्यात र पूर्ण असेल, किंवा ‘र्ह’च्या आधीच्या अक्षरावर जोर पडत नसेल, तर ऱ घाला.