तळपायावरचा काळा डाग

सावळ्या किंवा काळ्या माणसाच्या तळपायावर काळपट डाग दिसला, तर बहुतेक वेळा तो निरुपद्रवी असतो. वर्ण जितका गडद, तितके तळपायावर तपकिरी ठिपके असण्याचे प्रमाण जास्त, आणि वयाबरोबर ते वाढतही जातात. पण त्याच जागी, फार क्वचित, मेलॅनोमा नावाचा त्वचेचा कर्करोगही सुरू होतो. तो सुरुवातीला दुखत नाही, खाजत नाही, आणि पायाला जे नेहमी होत असते तसाच दिसतो. त्यामुळे साकळलेले रक्त, जन्मजात रंग आणि हा रोग यांतला फरक कसा करायचा, हे माहीत असणे उपयोगाचे ठरते.

मेलॅनोमा हा गोऱ्यांचा, उन्हात भाजल्याने होणारा रोग, असा समज आहे आणि तो अर्धाच खरा आहे. गडद त्वचेतले रंगद्रव्य उन्हापासून संरक्षण देते, म्हणून उन्हामुळे होणारा मेलॅनोमा अशा लोकांत विरळा असतो. तळपाय, तळहात आणि नखाखालची जागा इथे होणाऱ्या प्रकाराचा मात्र उन्हाशी फारसा संबंध नाही. अमेरिकेत त्याचे प्रमाण गोऱ्या आणि काळ्या लोकांत जवळजवळ सारखेच, वर्षाला दहा लाखांत दोनच्या आसपास आढळले. म्हणजे हा रोग दुर्मीळच. पण गडद वर्णाच्या माणसाला मेलॅनोमा झालाच, तर तो बहुधा इथेच होतो. टाच आणि चवडा, म्हणजे अंगाचा भार पडतो त्या जागांवर तो अधिक दिसतो. वारंवार पडणाऱ्या दाबाचा त्यात वाटा असावा, असे संशोधकांना वाटते. गायक बॉब मार्ले यांच्या पायाच्या बोटाच्या नखाखाली 1977 साली हाच रोग सापडला. फुटबॉल खेळताना झालेली इजा म्हणून तो आधी खपून गेला होता. 1981 साली, वयाच्या 36व्या वर्षी, त्यांचा त्यातच मृत्यू झाला.

साकळलेल्या रक्ताची खूण अशी की ते एका जागी टिकत नाही. टाचेच्या कडेला, विशेषतः धावताना अचानक थांबणाऱ्या खेळाडूंच्या, त्वचेला घसट बसून वरच्या कठीण थरात रक्ताचे बारीक थेंब अडकतात आणि काळे ठिपके किंवा रेघ दिसते. हा थर मृत पेशींचा असतो, तो खालून सतत वर सरकत झिजून जातो. त्यामुळे डाग काही आठवड्यांत विरतो किंवा वर येऊन गळतो. डॉक्टर धारदार पात्याने वरचा थर हलकेच खरवडतात. दुखत नाही, आणि डाग रक्ताचा असेल तर खरवडलेल्या पापुद्र्यांबरोबर तो पूर्णपणे निघून जातो. थोडा निघाला आणि खाली रंग उरला, तर मात्र समाधान मानू नये, कारण मेलॅनोमातला रंगही वरच्या थरात चढलेला असतो. हे काम घरी ब्लेडने करण्याचे मुळीच नाही.

जन्मजात किंवा वंशपरत्वे असणारा रंग वेगळा ओळखू येतो. असे ठिपके बहुधा अनेक असतात, दोन्ही पायांवर असतात, कडा पुसट असतात आणि वर्षानुवर्षे त्यांत फारसा बदल नसतो. एकच डाग, एकाच पायावर, आणि तो प्रौढ वयात नव्याने आलेला, ही गोष्ट त्यापेक्षा वेगळी समजावी. मेंदी किंवा चपलेचा उतरलेला रंगही डोळ्यांना फसवतो. पाय धुऊन, स्पिरिटने पुसून पाहिले तर तो पुष्कळदा फिका होतो.

खरी पारख मात्र भिंगाखाली होते. तळपायाच्या त्वचेवर बोटांच्या ठशांसारख्या समांतर रेषा असतात: उंचवटे आणि त्यांच्यामधल्या खाचा. घामाची छिद्रे उंचवट्यांवर उघडतात आणि भिंगातून ती पांढऱ्या ठिपक्यांच्या ओळीसारखी दिसतात. साध्या तिळाचा रंग प्रामुख्याने खाचांत बसतो. मेलॅनोमाच्या सुरुवातीला तो उंचवट्यांवर पसरतो. हा फरक जपानमधल्या त्वचारोगतज्ज्ञांनी, विशेषतः साइदा यांनी, बारकाईने मांडला, आणि डर्मोस्कोप या छोट्या प्रकाशयुक्त भिंगाने तो काही क्षणांत पाहता येतो. तरी खूण निर्णायक मानता येत नाही. काळ्या वर्णाच्या लोकांतले निरुपद्रवी ठिपके, मेंदी आणि साकळलेले रक्त हेही कधीकधी उंचवट्यांवर दिसतात. म्हणून भिंगाचा निष्कर्ष डागाच्या इतिहासाशी जुळवून पाहावा लागतो.

एक नमुना घेऊ. समजा, पन्नाशी ओलांडलेली एक शेतमजूर बाई आहे. उजव्या टाचेवर वर्षभरापासून काळा डाग आहे, आणि बाभळीचा काटा टोचला होता हे तिला पक्के आठवते. घरच्यांनी कुरूप समजून एकदा पट्टी लावली, एकदा पाते फिरवले. डाग आता सुमारे 14 मिलिमीटरचा आहे, एका टोकाला फिकट तपकिरी, दुसऱ्याला निळसर काळा, आणि कडा वाकड्यातिकड्या. काटा टोचल्याची आठवण इथे दिशाभूल करते. काट्याचे रक्त वर्षभर टिकत नाही, आणि दर महिन्याला वाढत तर नाहीच. भिंगाखाली रंग उंचवट्यांवर आणि रंगछटा असमान. एवढे पुरते, तपासणीसाठी तुकडा घ्यायलाच हवा. शक्य असल्यास डाग एक ते तीन मिलिमीटर काठासह पूर्ण काढतात. टाचेवर जागा अपुरी असली तर सर्वांत काळ्या, जाड भागातून नमुना घेतात.

प्रयोगशाळेचा अहवाल येतो तेव्हा एका आकड्यावर बरेच काही ठरते: रोग त्वचेत किती खोल उतरला आहे. समजा, तो 0.9 मिलिमीटर निघाला. अशा वेळी सुमारे एक सेंटिमीटर काठ ठेवून जागा पुन्हा मोकळी केली जाते, आणि जांघेतली पहिली लसिकाग्रंथी तपासायची का, याचा विचार होतो, कारण पायातून रोग पसरला तर तो बहुधा तिथे आधी पोहोचतो. खोली दोन मिलिमीटरच्या पुढे गेली असती, तर दोन सेंटिमीटर काठ घ्यावा लागला असता. टाचेसारख्या भार पेलणाऱ्या जागी त्याचा अर्थ शरीराच्या दुसऱ्या भागातून त्वचा आणून जोडणे, आणि पुढे दीर्घकाळ चालण्याचा त्रास.

काही वेळा या रोगाला काळा रंगच नसतो. न भरणारी, ओलसर, गुलाबी जखम किंवा चामखिळीसारखा उंचवटा एवढेच दिसते. मधुमेह असलेल्यांत अशी जखम सरळ मधुमेहाच्या खाती टाकली जाते आणि मलमपट्टीत महिने जातात. दोन महिन्यांत न भरणारी, आपोआप रक्त येणारी किंवा नेमके निदान नसलेली तळपायाची जखम त्वचारोगतज्ज्ञाला दाखवून, गरज वाटल्यास तिचा तुकडा तपासून घ्यावा.

घरी करण्यासारखे एकच काम आहे. पाय स्वच्छ धुऊन, डागाशेजारी पट्टी किंवा नाणे ठेवून, चांगल्या उजेडात फोटो काढावा. नेमकी इजा आठवत असेल आणि डाग लहान असेल, तर महिन्याभराने त्याच उजेडात दुसरा फोटो काढून ताडावा. डाग विरला किंवा गळाला असेल तर बहुधा तो रक्ताचा होता. तेवढाच राहिला किंवा पसरला असेल, तर पुढचा महिना वाट पाहू नये. सात मिलिमीटरहून मोठा, नवा, एकाच पायावरचा डाग असेल, तर महिनाभर थांबण्याचीही गरज नाही, थेट तज्ज्ञाकडे दाखवावा.