दिवेलागणीला जास्वंद काळी का दिसते?

मागच्या खेपेला आपण 'रंग वस्तूत असतो की पाहणाऱ्यात' या प्रश्नापाशी थांबलो होतो. उठता उठता एका ताईंनी विचारलं, "सर, मग अंधार पडला की रंग जातो कुठे?" प्रश्न वरवर साधा वाटतो, पण त्याचं उत्तर तत्त्वज्ञानाच्या आधी डोळ्याच्या पडद्यात शोधावं लागतं. आज तेवढंच करू.

अनुभव आपल्या सगळ्यांचा आहे. दिवेलागणीला अंगणातल्या जास्वंदीकडे बघत राहा. दिवसा लाल फूल पानांतून उठून दिसतं. उजेड उतरू लागला की आधी फूल काळवंडतं. पानं मात्र करडी, पण फुलापेक्षा उजळ दिसत राहतात. मग पानांच्या कडाही पुसट होतात. पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच हे नोंदवलं आणि आजही ही घटना त्याच्याच नावाने ओळखली जाते.

डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, प्रकाश टिपणाऱ्या दोन जातींच्या पेशी असतात. एका डोळ्यात सुमारे बारा कोटी दंडपेशी आणि साठ लाखांच्या आसपास शंकुपेशी. भर उजेडात काम शंकुपेशींचं, मंद उजेडात दंडपेशींचं. दोघींची कार्यपद्धती मुळात एकच आहे, आणि ती जरा उलटी आहे. आपल्याला वाटतं, प्रकाश पडला की पेशी जागी होत असेल. प्रत्यक्षात ती अंधारात जागी असते! अंधारात तिच्या आवरणातली बारीक दारं उघडी असतात, त्यांतून सोडियम आणि कॅल्शियमचे विद्युतभारित कण आत येत राहतात, आणि पेशी पुढच्या पेशीकडे ग्लुटामेट नावाचं रसायन सतत सोडत राहते. ही दारं उघडी धरून ठेवतो तो चक्रीय जीएमपी नावाचा छोटा रेणू.

आता प्रकाशाचा एक कण, म्हणजे एक फोटॉन, दंडपेशीतल्या रोडॉप्सिनच्या एका रेणूवर आदळला असं समजा. रोडॉप्सिनच्या पोटात 'अ' जीवनसत्त्वापासून बनलेला रेटिनल नावाचा एक वाकडा रेणू बसलेला असतो. फोटॉन लागला की तो सरळ होतो. प्रकाशाचं काम इथेच संपतं, बाकी सगळं रसायनांचं. रेटिनल सरळ झाल्याने रोडॉप्सिनचा आकार बदलतो, ते ट्रान्सड्युसिन या प्रथिनाचे अनेक रेणू एकामागून एक चेतवतं, त्यांनी जागी केलेली विकरं चक्रीय जीएमपी झपाट्याने तोडतात, दारं मिटतात, आणि ग्लुटामेटचा ओघ कमी होतो. पुढच्या पेशीला 'प्रकाश' कळतो तो या घटीतून.

आपल्याकडे वैशेषिकांनी अंधार म्हणजे तेजाचा अभाव असं म्हटलं, आणि भाट्ट मीमांसकांनी त्याला द्रव्य मानलं. त्या वादाचा निकाल मी दृष्टिपटलाकडून मागणार नाही, वाद वस्तूबद्दल आहे आणि ही गोष्ट पेशीची आहे. पण वाहता प्रवाह अंधाराचा आणि खंड प्रकाशाचा, याची गंमत मला अजून वाटते.

ही साखळी किती बारीक ऐकते, ते १९४२ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात हेक्ट, श्लेअर आणि पिरेन यांनी दाखवलं. माणसाला पुरेसा वेळ अंधारात बसवायचं, मग एका सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकी क्षणिक, निळसर-हिरवी चमक दाखवायची आणि 'दिसली का?' विचारायचं. जेमतेम दिसणाऱ्या चमकेतले फोटॉन वाटेत किती परततात, किती शोषले जातात, याचा हिशेब केल्यावर दंडपेशींनी टिपलेले फोटॉन उरले फक्त पाच ते चौदा. आणि चमक पसरली होती सुमारे पाचशे दंडपेशींवर. पाचशे घरांत दहा पत्रं टाकली तर एकाच घरात दोन पडण्याचा संभव थोडाच. म्हणजे एकेका दंडपेशीला एकच फोटॉन मिळाला होता, आणि तेवढ्यावर तिने खबर दिली होती. पेशीत विजेरी न घालता, केवळ हिशेबाने काढलेला हा निष्कर्ष. पुढे १९७९ मध्ये भेकाच्या दंडपेशीचा प्रवाह मोजून एका फोटॉनचा प्रतिसाद प्रत्यक्ष नोंदला गेला.

शंकुपेशीचा प्रतिसाद चटकन उठतो आणि चटकन मिटतो, त्यामुळे हलत्या वस्तू टिपायला ती उत्तम. पण एका फोटॉनने तिच्यात उमटणारा फरक फार छोटा. चांदण्यांच्या उजेडात ती गप्पच असते. उलट भर दुपारी दंडपेशीची जवळजवळ सगळी दारं मिटलेली असतात, तिला आणखी काही सांगण्यासारखं उरत नाही.

आता रंगाकडे. केंब्रिजच्या रश्टनने याचं मर्म नेमकं मांडलं. फोटॉनची तरंगलांबी, तो टिपला जाईल की नाही याची शक्यता ठरवते. टिपला गेल्यावर मात्र निळा काय, हिरवा काय, पेशीत तीच साखळी, तसाच परिणाम. पेशीला फक्त मोजदाद कळते. दंडपेशी सर्वाधिक टिपते तो सुमारे ५०७ नॅनोमीटरचा निळसर-हिरवा प्रकाश. ५५० नॅनोमीटरचा, पानासारखा हिरवा प्रकाश ती साधारण निम्म्याने टिपते. मग हा दुसरा प्रकाश दुपटीहून किंचित जास्त तीव्र केला की दोन्हींची मोजदाद तंतोतंत सारखी. वेगळे दोन रंग, पण दंडपेशीला फरक कळायला मार्गच नाही. दिवसा ही अडचण सुटते, कारण शंकुपेशी तीन प्रकारच्या आहेत आणि मेंदू त्यांच्या मोजदादींची तुलना करतो. रंग ही तुलनेतून मिळणारी गोष्ट. रात्री एकच साक्षीदार उरतो, तुलना कोणाशी करणार?

जास्वंदीचं उत्तरही इथेच आहे. ६२० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशाला दंडपेशी आपल्या कमाल संवेदनक्षमतेच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी दाद देते. फूल जो प्रकाश परतवतं तो तिला दिसतच नाही म्हणा ना. म्हणून फूल काळं, पान करडं.

राहिली स्पष्टता. दृष्टिपटलाच्या मध्यावरच्या खळग्यात शंकुपेशी दाटीने बसतात आणि तिथल्या जवळपास प्रत्येकीची मेंदूकडे स्वतंत्र तार असते. दंडपेशींचं तसं नाही. शेकडो दंडपेशींची खबर एकत्र होऊन एका तारेवर जाते. हा निष्काळजीपणा नव्हे. रोडॉप्सिनचा रेणू कधीमधी प्रकाशाशिवायही, नुसत्या उष्णतेने, उलटतो आणि खोटी खबर देतो. एक रेणू असा बिघडायला शेकडो वर्षं लागतात, पण एका दंडपेशीत असे कोट्यवधी रेणू आहेत. तेव्हा पाच-दहा खऱ्या फोटॉनांची खबर खोट्यांतून वेगळी काढायची तर पुष्कळ पेशींची बेरीज करावी लागते. पण एकदा बेरीज केली की फोटॉन नेमका कोणत्या पेशीवर पडला, ही माहिती गेली. कडा पुसट होतात त्या यामुळे. चष्मा बदलून यात फरक पडत नाही. दुपारी ओळीनओळ वाचणारा माणूस रात्री मोठ्या अक्षरांपाशी अडतो.

आणि त्या मधल्या खळग्यात दंडपेशी मुळीच नाहीत. आकाश निरभ्र असेल आणि शहराचे दिवे दूर असतील, तर देवयानी दीर्घिकेचा धूसर ठिपका शोधून बघा. थेट रोखून पाहिलं की तो नाहीसा होतो, नजर जरा बाजूला नेली की परत येतो. मात्र त्याआधी अर्धा तास अंधारात थांबा, कारण उजेडात विटलेलं रोडॉप्सिन पुन्हा तयार व्हायला तेवढा वेळ लागतो. मधे मोबाइल उघडलात तर बरीच कमाई गेली. नकाशा पाहायचाच असेल तर मंद लाल दिवा वापरा. जास्वंदीचा लाल जसा दंडपेशीला दिसत नाही, तसाच तोही फारसा दिसत नाही.